कापलेल्या सोयाबीनवर पाऊस: पीक विम्याच्या दाव्यासोबतचं पत्र कसं लिहावं

ऑक्टोबरात सोयाबीन कापून रानात वाळत पडलेलं असतं आणि रात्रीतून पाऊस येतो. सकाळी शेतात गेलं की शेंगा फुगलेल्या, दोन दिवसांत कोंब, चार दिवसांत काळी बुरशी. मग मोबाईलवर नुकसानीची सूचना दिली जाते, डॉकेट क्रमांक येतो आणि बहुतेकांचं काम तिथंच थांबतं. पुढं पाहणीला माणूस येतो, घाईत फॉर्म भरतो आणि आपल्या बाजूनं लिहिलेला एकही कागद फाईलला नसतो. हा लेख त्या एका कागदाबद्दल आहे: दाव्याला जोडायचं पत्र. वडिलांच्या नावावरच्या विम्याची फाईल पहिल्यांदाच हाताळणाऱ्या मुला-मुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्यावर पत्र कोणाकडं जाणार हे ठरतं. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वैयक्तिक शेताच्या नुकसानीची भरपाई काही ठरावीक कवचांखाली मिळते. त्यातलं एक 'काढणी पश्चात नुकसान'. महाराष्ट्रात खरीप 2023 ते रब्बी 2024-25 या एक रुपयाच्या विम्याच्या काळात हे कवच होतं. खरीप 2025 पासून राज्यानं योजना बदलली. शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा खरिपाला विमा रकमेच्या 2 टक्के झाला, आणि काढणी पश्चात नुकसान, स्थानिक आपत्ती ही कवचं वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठेवली. म्हणजे खरीप 2025 किंवा त्यानंतरच्या हंगामाचा दावा असेल तर त्या हंगामाच्या अधिसूचनेत हे कवच आहे का, ते आधी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. नसेल तर विमा कंपनीला पाठवलेलं पत्र कितीही चांगलं असलं तरी त्याला उत्तर 'कवच लागू नाही' हेच येईल. तेव्हा तोच मजकूर आणि तेच पुरावे पंचनाम्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडं, म्हणजे आपल्या तलाठ्याकडं, आणि तहसीलदारांकडं द्यायचे. ते कसं, हे शेवटी येईल. खाली उदाहरण घेतलंय ते खरीप 2024 चं. त्या हंगामात कवच होतं, आणि अशा जुन्या दाव्याची तक्रार करायची असेल तरी पत्राची रचना हीच राहते.

पाऊस पडला एवढं पुरत नाही

योजनेच्या नियमात कारणांची यादी आहे, आणि पिकाच्या अवस्थेप्रमाणं ती बदलते. पीक उभं असताना स्थानिक आपत्तीत गारपीट, भूस्खलन, शेत जलमय होणं, ढगफुटी आणि वीज पडून लागलेली आग ही कारणं येतात. साधा अवेळी पाऊस त्यात नाही. उभ्या सोयाबीनवर पाऊस झाला आणि पाणी रानात साचून राहिलं, तर कारण 'शेत जलमय होणं' हे असतं. पाणी साचलंच नाही, तर या कवचात बसायला जागा उरत नाही.

कापलेल्या पिकाची यादी वेगळी: गारपीट, चक्रीवादळ, चक्रीवादळामुळं आलेला पाऊस आणि अवेळी पाऊस. इथं मात्र दोन अटी आहेत. पीक कापून शेतातच पसरून किंवा लहान पेंढ्या बांधून वाळत ठेवलेलं हवं, आणि नुकसान कापणीपासून 14 दिवसांच्या आत झालेलं हवं.

म्हणून पत्रात 'परतीच्या पावसानं नुकसान झालं', 'अतिवृष्टी झाली' असं लिहिण्याचा मोह टाळावा. गावात आपण तसंच बोलतो, पण परतीचा पाऊस हा शब्द यादीत नाही. अतिवृष्टी म्हटलं की महसूल खात्याची 24 तासांत 65 मिलिमीटरची अट आठवते. ती अट सरकारी मदतीच्या हिशोबातली आहे. मंडळात 45 मिलिमीटर पडलेला असताना पत्रात अतिवृष्टी लिहिली, तर वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत शंका घ्यायला जागा मिळते. 'अवेळी पाऊस' आणि 'कापून पसरलेलं पीक' हे दोन शब्दप्रयोग नियमातले आहेत, तेच वापरा.

बनीम किंवा गंजी लावलेल्या मालाचा प्रश्न मराठवाड्यात दरवर्षी येतो. नियमाची भाषा 'पसरून' आणि 'लहान पेंढ्या' अशी आहे, त्यामुळं मोठी बनीम भिजली की पाहणीवाला हरकत घेऊ शकतो. बनीम लावलेली असेल तर ती लपवू नका. किती क्षेत्राचा माल पसरलेला होता आणि किती क्षेत्राचा बनीमीत होता हे वेगळं लिहा. निदान पसरलेल्या भागाचा दावा तरी शाबूत राहील.

आधी सूचना, मग पत्र

पत्र हे सूचनेच्या जागी चालत नाही. नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत सूचना द्यावीच लागते: क्रॉप इन्शुरन्स ॲपवर, 14447 या टोल फ्री क्रमांकावर, किंवा बँक, कृषी कार्यालय, विमा कंपनी यांच्यापैकी कोणाकडं लेखी. ॲप सगळ्यात बरं, कारण फोटो आणि ठिकाण तिथंच नोंदलं जातं. सूचना देताना पिकाची अवस्था विचारतात. तिथं पीक कापून पसरलेलं असल्याचा पर्याय निवडायचा. 'काढणी झाली' अशा अर्थाचा पर्याय दाबला की माल घरात आला असा त्याचा अर्थ निघतो आणि दावा तिथंच अडकतो. घाईत ही चूक फार होते. झालीच असेल तर गप्प बसू नका, पत्रात एक वाक्य टाका: 'सूचना देताना अवस्था चुकीची निवडली गेली असून, प्रत्यक्षात पीक कापून शेतात पसरलेले होते, फोटो जोडपत्र 4 पाहावे.'

डॉकेट क्रमांक मिळाल्यावर स्क्रीनशॉट काढून ठेवा. त्यानंतर पत्र. पाहणीच्या आधी ते पोचलं तर उत्तम, कारण पाहणीला येणाऱ्याच्या हातात तुमचे आकडे आधीच असतात. नियमाप्रमाणं सूचनेनंतर 48 तासांत पाहणी करणाऱ्याची नेमणूक व्हायला हवी, पण खूप सूचना एकदम आल्या की दिवस लांबतात. पाहणीला कंपनीचा माणूस, कृषी खात्याचा कर्मचारी आणि शेतकरी असे तिघं असायला हवेत.

पुरावे पत्रासाठी मांडायचे कसे

पाच-सहा कागद पुरतात. पण ते एकमेकांशी जुळले पाहिजेत, आणि पत्राचं खरं काम हेच जुळवून दाखवण्याचं आहे. सर्वसाधारणपणे दावा अडतो तो तारखेवर, नाहीतर क्षेत्रावर.

*कापणीची तारीख.* 14 दिवसांची अट असल्यानं ही तारीख सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमका तिचाच पुरावा लोक ठेवत नाहीत. कापणी गुत्त्यानं दिली असेल तर मजुरांच्या मुकादमाला फोनवरून पैसे पाठवलेले असतात, त्या व्यवहाराचा स्क्रीनशॉट हा चांगला पुरावा. रोख दिले असतील तर मुकादमाची साधी सही असलेली चिठ्ठी घ्या: कोणत्या तारखेला, कोणत्या गटात, किती एकर. शेजारच्या दोन शेतकऱ्यांच्या सह्या असल्या तर आणखी बरं. कापणी दोन दिवस चालली असेल तर दोन्ही तारखा लिहा.

*पावसाची तारीख.* महसूल मंडळनिहाय पावसाच्या नोंदी maharain.maharashtra.gov.in वर दिसतात. त्याची छापील प्रत जोडा, पण एक बारकावा लक्षात ठेवा. पावसाचा दिवस सकाळी 8.30 ला संपतो. 17 तारखेच्या रात्री अकराला सुरू झालेला पाऊस 18 तारखेच्या आकड्यात दिसतो. तुम्ही पत्रात 17 लिहिलं आणि जोडलेल्या कागदावर 17 ला शून्य दिसलं, तर वाचणारा समजून घेईलच असं नाही. 'दिनांक 17 च्या रात्री ते 18 च्या पहाटे' असं लिहा आणि नोंद कोणत्या तारखेखाली आहे तेही सांगा. तुमच्या शिवारात पाऊस झाला आणि मंडळाच्या केंद्रावर कमी दिसला, असंही होतं. केंद्र दहा-बारा किलोमीटरवर असू शकतं. तेव्हा आकडा लपवण्यापेक्षा केंद्राचं अंतर लिहावं आणि ओल्या रानाचे फोटो पुढं करावेत.

*क्षेत्र.* सातबारावर हेक्टर आणि आर असतात, आपण एकर-गुंठ्यांत बोलतो. एक एकर म्हणजे 40 गुंठे म्हणजे ढोबळमानानं 0.40 हेक्टर. पत्रात हेक्टरच लिहा, कारण विम्याच्या पावतीवर तेच असतं. तीन कागद समोर ठेवून आकडा ताडून बघा: विम्याची पावती, सातबारा आणि त्यावरची ई-पीक पाहणीची नोंद. पावतीवर 1.20 हेक्टर सोयाबीन आणि ई-पीक पाहणीत 0.80 सोयाबीन, 0.40 तूर असं निघालं, तर फरक तुम्हीच पत्रात खुलासा करून सांगा. तो कंपनीनं शोधून काढण्याची वाट बघू नये.

*फोटो.* आठ-दहा पुरे. दोन लांबून, ज्यात बांध, झाड, विहीर असं ओळखू येणारं काही दिसेल. चार जवळून, पसरलेल्या ओळींचे. दोन अगदी जवळून, हातात शेंग फोडून कोंब दाखवणारे. एक उभ्या राहिलेल्या भागाचा, असेल तर. तारीख आणि ठिकाण फोटोवर उमटेल असा कॅमेरा ॲप वापरा. एक खबरदारी: व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवला की आतली तारीख-ठिकाणाची माहिती निघून जाते. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फोटो फोनमधून उडवू नका.

*शेंगांची मोजणी.* हे बहुतेकजण करत नाहीत, आणि पत्राला वजन यानंच येतं. पसरलेल्या रानात पाच वेगवेगळ्या जागा घ्या, बांधाकडेची एक, मधली एक, सखल भागातली एक अशा. प्रत्येक ठिकाणी ओळीतून वरचा-खालचा माल मिसळून 100 शेंगा तोडा. कोंब फुटलेल्या किंवा बुरशी लागलेल्या किती ते मोजा आणि कागदावर लिहा. फक्त वरच्या शेंगा घेऊ नका. जमिनीला टेकलेल्या शेंगा जास्त सडतात, वरच्या कमी, आणि दोन्ही मिसळल्या नाहीत तर आकडा एका बाजूला झुकतो. मोजलेल्या शेंगांचे ढीग करून, शेजारी जागेचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवून फोटो काढा.

एक उदाहरण पूर्ण मांडून

समजा एका शेतकऱ्याचं 1.20 हेक्टर सोयाबीन विमा उतरवलेलं आहे. 14 आणि 15 ऑक्टोबरला 0.80 हेक्टर कापून पसरलं. 0.40 हेक्टर मजूर न मिळाल्यानं उभं आहे. 17 च्या रात्री पाऊस झाला. 19 ला सकाळी ॲपवर सूचना दिली, म्हणजे 72 तासांच्या आत. 21 ला शेंगा मोजल्या. पाच जागांचे आकडे 58, 66, 61, 49 आणि 71. बेरीज 305, सरासरी 61.

आता भरपाईचा अंदाज. विमा रक्कम जिल्ह्यागणिक वेगळी असते, ती पावतीवर बघा. हिशोब सोपा व्हावा म्हणून हेक्टरी 50,000 रुपये धरू. बाधित क्षेत्र 0.80 हेक्टर, म्हणजे 40,000 रुपयांची विमा रक्कम. नुकसान 61 टक्के मान्य झालं तर 24,400 रुपये. पूर्ण 1.20 हेक्टर लिहिलं असतं तर आकडा 36,600 दिसला असता, पण 0.40 हेक्टर उभं पीक पाहणीवाल्याला बांधावरूनच दिसतं. मग तो उरलेल्या सगळ्या आकड्यांकडं त्याच नजरेनं बघतो.

हा हिशोब स्वतःसाठी करा, पत्रात रक्कम मागू नका. टक्केवारी ठरवणं पाहणी समितीचं काम आहे. तुम्ही मोजणीचा आकडा द्यायचा, आणि तो मोजणीचा आहे हे स्पष्ट लिहायचं. शेंगांतलं प्रमाण आणि उत्पादनातली घट ही अगदी तंतोतंत एक गोष्ट नाही. बुरशी लागलेल्या शेंगेतलाही एखादा दाणा डागी माल म्हणून विकला जातो.

आणखी एक: बाधित क्षेत्र विमा घटकातल्या, म्हणजे तुमच्या महसूल मंडळातल्या, विमा उतरवलेल्या क्षेत्राच्या 25 टक्क्यांपर्यंत असेल तर वैयक्तिक पाहणी होते. त्याहून जास्त असेल तर नमुना पाहणी होऊन मंडळातल्या पात्र शेतकऱ्यांना तिच्या आधारे भरपाई धरतात. तेव्हा तुमच्या शेतात कोणी आलंच नाही याचा अर्थ दावा मेला असा नाही.

आता पत्र. हाताने लिहिलेलं चालतं, एका पानात, फार तर दीड पानात बसवा.

> दिनांक: 22 ऑक्टोबर 2024
>
> प्रति,
> मा. तालुका प्रतिनिधी,
> (पावतीवरील विमा कंपनीचे नाव व पत्ता)
>
> प्रत: मा. तालुका कृषी अधिकारी, तालुका ______
>
> विषय: खरीप 2024, सोयाबीन, काढणी पश्चात नुकसान (अवेळी पाऊस). डॉकेट क्र. ______ च्या दाव्यास पूरक माहिती व पुरावे सादर करणेबाबत.
>
> संदर्भ: विमा अर्ज क्र. ______; सूचना दि. 19/10/2024, सकाळी 10.40.
>
> महोदय,
>
> मी मौजे ______, महसूल मंडळ ______, येथील गट क्र. ______ मधील सोयाबीन पिकाचा 1.20 हेक्टर क्षेत्रासाठी विमा उतरवला आहे (जोडपत्र 1). सातबारा व ई-पीक पाहणीतही याच क्षेत्रावर सोयाबीनची नोंद आहे (जोडपत्र 2).
>
> वरील क्षेत्रापैकी 0.80 हेक्टरवरील पीक दि. 14 व 15 ऑक्टोबर रोजी कापून त्याच शेतात वाळण्यासाठी पसरून ठेवले होते. कापणीची मजुरी दिल्याचा पुरावा व मुकादमाची चिठ्ठी सोबत आहे (जोडपत्र 3). उर्वरित 0.40 हेक्टरवरील पीक उभे असून त्याचा या दाव्यात समावेश नाही.
>
> दि. 17 ऑक्टोबरच्या रात्री सुमारे 11 वाजल्यापासून 18 च्या पहाटेपर्यंत पाऊस झाला. मंडळाच्या पर्जन्यमापक केंद्रावर ही नोंद 18 ऑक्टोबरच्या तारखेस 46 मि.मी. अशी आहे (जोडपत्र 5). म्हणजेच कापणीनंतर तिसऱ्या दिवशी, 14 दिवसांच्या मुदतीत, पसरलेले पीक भिजले.
>
> दि. 19 रोजी शेंगा फुगलेल्या होत्या. दि. 21 रोजी शेंगांना कोंब फुटून खालच्या थरावर काळी बुरशी आली होती. त्या दिवशी शेतातील पाच ठिकाणी प्रत्येकी 100 शेंगा मोजल्या असता कोंब किंवा बुरशी असलेल्या शेंगा अनुक्रमे 58, 66, 61, 49 व 71, सरासरी 61 आढळल्या. मोजणीचा तक्ता व फोटो जोडले आहेत (जोडपत्र 4).
>
> पाहणी होईपर्यंत पसरलेले पीक जागेवर ठेवले आहे. दि. 26 ऑक्टोबरनंतर ते आणखी सडण्याचा धोका असल्याने मळणी करावी लागेल. तसे झाल्यास उत्तर बाजूच्या बांधालगतचा सुमारे 5 गुंठ्यांतील माल पाहणीसाठी तसाच ठेवण्यात येईल.
>
> कृपया माझ्या उपस्थितीत संयुक्त पाहणी करून पाहणी अहवालाची प्रत मिळावी, ही विनंती.
>
> आपला विश्वासू,
> (सही, नाव, मोबाईल क्रमांक)
>
> जोडपत्रे: 1) विमा पावती 2) सातबारा व ई-पीक पाहणी 3) कापणीचा पुरावा 4) फोटो व मोजणीचा तक्ता 5) मंडळाची पावसाची नोंद 6) सूचनेचा स्क्रीनशॉट 7) आधार व बँक पासबुकाची पहिल्या पानाची प्रत

या पत्रात गरिबीचं वर्णन नाही, कर्जाचा उल्लेख नाही, हात जोडलेले नाहीत. ते खरं असलं तरी दाव्याचा निर्णय त्यावर होत नाही, आणि एका पानातली जागा त्यात जाते. प्रत्येक परिच्छेदात एकच गोष्ट आहे आणि तिच्या शेवटी जोडपत्राचा क्रमांक. वाचणाऱ्यानं विचारलं 'कशावरून?' की उत्तर कंसात सापडतं. जोडपत्रांच्या वरच्या कोपऱ्यात तोच क्रमांक मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर कंसातल्या क्रमांकाला अर्थ राहत नाही.

मळणीचं वाक्य मुद्दाम टाकलंय. पाहणीची वाट बघत माल कुजवत ठेवणं कोणालाच परवडत नाही, आणि न सांगता मळणी केली की पाहणीवाला रिकाम्या रानात येतो आणि शेरा मारतो. तारीख आधी कळवली आणि एक तुकडा राखून ठेवला, तर तो शेरा मारणं अवघड जातं.

देताना आणि दिल्यावर

तीन प्रती काढा. एक कंपनीच्या तालुका प्रतिनिधीला, एक तालुका कृषी कार्यालयात, तिसरी तुमची. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. कृषी कार्यालयात आवक-जावक टेबलावर हे सहज होतं. कंपनीचा प्रतिनिधी बऱ्याचदा 'व्हॉट्सॲपवर टाका' म्हणतो. टाका, पण त्याच दिवशी पावतीवरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टही करा आणि पोस्टाची पावती पत्राच्या प्रतीला टाचून ठेवा.

पाहणीच्या दिवशी एकच आग्रह धरायचा: कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या फॉर्मवर सही करायची नाही. बाधित क्षेत्र आणि नुकसानीची टक्केवारी हे दोन रकाने पेनानं भरलेले दिसले पाहिजेत. सही करण्याआधी फॉर्मचा फोटो काढा. टक्केवारी पटली नाही तर भांडत बसण्यापेक्षा सहीखाली 'टक्केवारी मान्य नाही, मोजणी 21/10 रोजी 61' एवढं लिहा. पुढं तालुका तक्रार निवारण समितीकडं जायची वेळ आली तर ही एक ओळ उपयोगी पडते. ही समिती तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली असते आणि तिच्यापुढचा अर्ज म्हणजे बहुतांशी हेच पत्र, वर पाहणी फॉर्मचा फोटो आणि काय मान्य नाही याचा एक परिच्छेद.

विमा कवच नसलेल्या हंगामात हेच पत्र महसूल खात्याला देताना थोडे बदल लागतात. विषयात 'पंचनामा करणेबाबत', प्रति तहसीलदार, प्रत ग्राम महसूल अधिकारी आणि सहाय्यक कृषी अधिकारी. डॉकेट आणि अर्ज क्रमांक गाळा. 14 दिवसांचा उल्लेख गाळा, कारण इथं ती अट नाही. आपत्ती निधीतून मदतीसाठी नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असणं ही अट आहे, म्हणून मोजणीचा तक्ता मात्र राहू द्या. उभ्या पिकाचंही नुकसान असेल तर इथं ते लिहायला हरकत नाही.

मळणी होऊन माल बाजारात गेला की आडत्याच्या हिशोब पट्टीवर डागी मालाचा भाव आणि तारीख येते. त्या दिवशीचा चांगल्या मालाचा भाव बाजार समितीच्या फलकावर असतो, त्याचाही फोटो घ्या. दावा अजून निकाली निघालेला नसेल तर डॉकेट क्रमांक टाकून चार ओळींचं पूरक पत्र द्या, पट्टीची प्रत जोडा, आणि त्यावरही आवक क्रमांक घ्या.